फोटोतला पास्ता शिजलाय का? आणि पाकिटावरचं ‘ड्युरम’ किती खरं?

पास्ता करताना दोन ठिकाणी गाडी अडते. पातेल्यातला पास्ता शिजला की नाही हे कळत नाही, म्हणून कुणा जाणकाराला फोटो पाठवून विचारलं जातं. आणि पाकीट घेताना त्यावर ठळक अक्षरांत ‘ड्युरम गहू’ दिसतो, पण त्यातून नेमकं काय कळलं, हे सांगता येत नाही.

दोन्हीकडे आपली नजर भलत्या जागी जाते. ताटलीभर पास्त्याचा फोटो कितीही चांगला असला, तरी तो शिजल्याचं सांगेलच असं नाही. तेच काम एका तुकड्याच्या कापलेल्या तोंडाचा फोटो अगदी चोख करतो. पाकिटाचंही तसंच आहे. दर्शनी बाजूवरचा ‘ड्युरम’ मोघम असू शकतो, मागची घटकांची यादी मात्र बरंच स्पष्ट बोलते. कुठे पाहायचं आणि दिसलं त्यावर किती विश्वास ठेवायचा, ते आता क्रमाने पाहू.

## आधी आकार, कारण वेळ आकारावर ठरते

फोटोवरून शिजणं तपासायचं तर आधी तो कुठला पास्ता आहे हे ठरवावं लागतं. पाकिटावरची मिनिटं त्या विशिष्ट आकारासाठी, त्यातही त्याच्या सर्वात जाड भागासाठी असतात. पाणी बाहेरून आत झिरपतं आणि जाडी वाढली की त्याला लागणारा वेळ जाडीच्या प्रमाणापेक्षा जास्त वाढतो. म्हणूनच बारीक शेवयांसारखा पास्ता दोन-तीन मिनिटांत होतो आणि जाड भिंतीची नळी बारा-तेरा मिनिटं घेते.

नळीसारख्या पास्त्यात पहिल्यांदा टोकं पाहा. दोन्ही टोकं बोरूसारखी तिरकी कापलेली असतील तर ते पेने. टोकं सरळ कापलेली, नळी रुंद आणि अंगावर उभ्या रेघा असतील तर रिगातोनी. त्याच रेघा नळीभोवती पिळासारख्या फिरत असतील तर तोर्तिल्योनी. आखूड आणि वाकलेली नळी बहुतेक ठिकाणी मॅकरोनी म्हणून विकली जाते. नावाच्या शेवटी ‘रिगाते’ असेल तर अंगावर रेघा आहेत, ‘लिशे’ असेल तर अंग गुळगुळीत आहे.

पिळाच्या पास्त्यात गोंधळ जास्त होतो. फुसिल्ली भरीव असते, तिच्या पात्या मधल्या कण्याभोवती वळलेल्या असतात. कावाताप्पी लांबून तशीच दिसते, पण ती आतून पोकळ असते, म्हणजे पिळलेली नळीच. वरून काढलेल्या फोटोत हा फरक लपतो, तोंडाकडून काढलेल्या फोटोत लगेच दिसतो. लांब पास्त्यालाही हाच नियम लावा. आडव्या पडलेल्या काड्यांच्या फोटोवरून स्पगेटी, लिंग्विने आणि बुकातिनी यांत फरक करणं अवघड जातं. तोंडाकडून पाहिलं की स्पगेटी भरीव गोल, लिंग्विने चपटी आणि बुकातिनी मध्ये भोक असलेली दिसते.

जाडी मात्र नुसत्या फोटोवरून ठरवू नका. शेजारी मोजपट्टी असेल तरच ती कळते, आणि तीही कोरड्या पास्त्याची मोजावी, कारण शिजताना तो पाणी पिऊन फुगतो. नावावरही विसंबता येत नाही. अमेरिकेच्या अन्ननियमांत व्हर्मिसेली म्हणजे ०.०६ इंचापर्यंत, म्हणजे साधारण दीड मिलिमीटरपर्यंत जाडीची, आणि स्पगेटी त्याहून जाड. इटलीत उलटं आहे. तिथली व्हर्मिचेल्ली सहसा स्पगेटीपेक्षा थोडी जाडच असते. तेव्हा नाव वाचा, पण वेळ मात्र त्या पाकिटावरचीच धरा.

## शिजताना आत काय घडतं?

सुक्या पास्त्यात मुख्यतः दोन गोष्टी असतात, स्टार्चचे कण आणि त्यांना धरून ठेवणारं ग्लुटेन. ग्लुटेन म्हणजे गव्हाच्या पिठात पाणी मिसळल्यावर तयार होणारं प्रथिनांचं चिवट जाळं. भिंतीत विटा आणि त्यांना धरून ठेवणारा चुना असतो, तसं हे नातं समजा. विटा म्हणजे स्टार्च, चुना म्हणजे ग्लुटेन.

उकळत्या पाण्यात पास्ता टाकला की पाणी बाहेरून आत सरकू लागतं. पुरेसं पाणी आणि साधारण साठ अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता मिळाली की स्टार्चचे कण फुगतात, मऊ होतात आणि बऱ्यापैकी पारदर्शक दिसू लागतात. त्याच सुमारास ग्लुटेनचं जाळं उष्णतेने घट्ट बसतं. जाळं चांगलं असेल तर फुगलेला स्टार्च आत अडकून राहतो आणि पास्ता लवचीक लागतो. जाळं कमकुवत असेल तर स्टार्च पाण्यात निसटतो, पाणी दुधाळ होतं आणि पास्ता वरून चिकट होतो.

जिथे पाणी अजून पोहोचलेलं नाही तिथले स्टार्चचे कण तसेच कोरडे राहतात. ते प्रकाश विखुरतात, त्यामुळे तो भाग पांढरा दिसतो. भरीव काडीत हा पांढरा भाग मधोमध ठिपक्यासारखा असतो. नळीत पाणी बाहेरून आणि पोकळीतून, दोन्हीकडून शिरतं. म्हणून तिथे पांढरा भाग भिंतीच्या जाडीच्या मधोमध, कड्यासारखा दिसतो. नळीच्या पोकळीत ठिपका शोधणारे इथेच फसतात.

हा पांढरा गाभा डोळ्यांना दिसतो, म्हणून कॅमेऱ्यालाही दिसतो. पास्ता फोटोवरून तपासता येतो तो एवढ्याच एका खुणेच्या जोरावर.

## फोटो काढायचा तो एका तुकड्याचा

धान्य तपासणाऱ्या प्रयोगशाळांत पास्त्याची योग्य शिजण्याची वेळ ठरवायला एक अगदी साधी पद्धत वापरतात. अमेरिकेतल्या धान्य-रसायनशास्त्रज्ञांच्या संघटनेने, म्हणजे एएसीसीने, तिला ६६-५० हा क्रमांक दिला आहे. दर अर्ध्या मिनिटाला एक तुकडा बाहेर काढायचा, दोन पारदर्शक पट्ट्यांमध्ये दाबायचा आणि मधली पांढरी रेघ पाहायची. ती ज्या क्षणी नाहीशी झाली, ती योग्य वेळ. ही पद्धत घरी जशीच्या तशी करता येते. दोन सपाट काचा किंवा पारदर्शक प्लास्टिकची दोन जाड झाकणं पुरतात.

पाकिटावरच्या वेळेच्या दोन-अडीच मिनिटं आधी सुरुवात करा. तुकडा झाऱ्याने काढून लगेच गार पाण्यात बुचकळा. हे करायलाच हवं, कारण बाहेर काढलेला गरम तुकडा आतल्या उष्णतेने शिजतच राहतो. फोटो काढेपर्यंत मिनिटभर गेलं, तर तुम्ही पातेल्यातल्या पास्त्यापेक्षा पुढे गेलेला तुकडा पाहत असता. मग धारदार सुरीने तो एकाच फटक्यात कापा. बोथट सुरीने कापलेलं तोंड चेंगरतं आणि त्यावर खोटी पांढुरकी कड दिसते.

कुठे कापायचं, हे आकार सांगतो. पेने किंवा रिगातोनी मधोमध आडवी कापा. तिरक्या टोकाकडे भिंत तिरपी कापली जाते आणि आहे त्यापेक्षा जाड दिसते. फुसिल्लीत पात्या आधी मऊ होतात, कणा मागे राहतो, म्हणून कण्यातून कापा. फुलपाखरासारख्या फारफालेला मधली चिमटी सर्वात जाड असते, तिचे पंख मऊ झाले तरी चिमटी कच्ची असू शकते. शिंपल्याच्या आकाराच्या कोंकिल्येत दुमडलेली कड पाहा. कुठल्याही आकारात तपासायचा तो सर्वात मागे राहणारा भाग.

फोटोसाठी कापलेलं तोंड कॅमेऱ्याकडे ठेवा, जवळून काढा आणि फ्लॅश बंद ठेवा. ओल्या तोंडावर फ्लॅशची चमक पडली की ती हुबेहूब पांढऱ्या गाभ्यासारखी दिसते. सगळ्यात चांगली पद्धत म्हणजे दाबलेला तुकडा काचेसकट उजेडासमोर धरायचा. शिजलेला भाग उजेड आरपार सोडतो, कच्चा भाग अडवतो. उजेड मागून असल्यामुळे कच्ची रेघ आता भोवतालापेक्षा गडद दिसेल. गडद रेघ म्हणजे करपल्याची खूण नव्हे, तीच आपली कच्ची रेघ.

## मग ‘अल देन्ते’ फोटोत कसं दिसतं?

अल देन्ते म्हणजे दाताखाली किंचित प्रतिकार करणारा पास्ता. प्रयोगशाळेची ‘योग्य वेळ’ म्हणजे पांढरा गाभा नुकताच गेलेला क्षण. बरेच जाणकार पास्ता त्याच्या अर्धा-एक मिनिट आधी काढतात, केसाएवढी पांढरी रेघ शिल्लक असताना. दोन्हींत चूक काही नाही. पास्ता पुढे सॉसमध्ये शिजणार का, हे पाहून ठरवायचं. गरम सॉसमध्ये तो दोन मिनिटं परतणार असेल तर बारीक रेघ असतानाच काढावा, कारण उरलेलं शिजणं तिथे पूर्ण होईल. नुसता निथळून लगेच खायचा असेल तर रेघ जाईपर्यंत थांबावं.

फोटोची मर्यादाही इथेच आहे. गाभा गेलेला दिसला की तो आत्ताच गेला की चार मिनिटांपूर्वी, हे त्या फोटोवरून सांगता येत नाही. जास्त शिजलेल्या पास्त्यातही गाभा नसतोच. म्हणून एका फोटोवर निकाल देण्यापेक्षा अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे तीन-चार तुकडे एका ओळीत ठेवून फोटो काढणं मला केव्हाही पटतं. गाभा कुठल्या तुकड्यापासून दिसेनासा झाला, हे त्यात उघड दिसतं.

सगळ्या पास्त्यांना ही खूण सारखी लागू पडत नाही. अख्ख्या गव्हाच्या पास्त्यात कोंड्यामुळे सगळंच तपकिरी, ठिपकेदार असतं आणि गाभा नीट उठून दिसत नाही. पालक किंवा बीट घातलेल्या रंगीत पास्त्यात तो फिकट हिरवा किंवा गुलाबी दिसतो. तांदूळ, मका किंवा डाळीच्या पास्त्यात ग्लुटेनचं जाळंच नसतं. तिथे गाभा जाण्याआधीच बाहेरचा भाग विरघळू लागू शकतो. अशा वेळी फोटो बाजूला ठेवून तुकडा चावून पाहिलेला बरा.

## ताटलीच्या फोटोवरून काहीच कळत नाही का?

कळतं, पण दोन टोकांचं. फार कच्चा आणि फार शिजलेला पास्ता ताटलीतही ओळखू येतो. फार शिजलेल्या पेनेच्या रेघा बुजलेल्या असतात, नळ्या स्वतःच्या वजनाने चपट्या होतात आणि टोकं फाटलेली दिसतात. फुसिल्लीचा पीळ सैल पडतो आणि पात्या तुटतात. स्पगेटीच्या काड्या एकमेकींना चिकटून एक गठ्ठा होतो. उलट फार कच्ची स्पगेटी ताटलीत ताठ उभी राहते, तिला सहज वळण येत नाही.

या दोन टोकांच्या मधली जी दोन-तीन मिनिटं खरी महत्त्वाची असतात, ती ताटलीच्या फोटोत दिसत नाहीत. तेलाने आणि लोण्याने आलेली चमक नीट शिजल्याचा भास देते. सॉस कडा झाकतो. तुटलेले तुकडे दिसले म्हणून जास्त शिजलाय असंही समजू नये. सुक्या पास्त्यात वाळवताना किंवा साठवताना केसासारख्या भेगा पडल्या असतील तर तो वेळेवर काढला तरी पातेल्यात फुटतो. म्हणून तुटलेला पास्ता दिसला की पाकिटातल्या कोरड्या तुकड्यांचाही एक फोटो मागवावा. उजेडासमोर धरल्यावर त्या भेगा स्पष्ट दिसतात.

पाकिटावरची मिनिटं पाळूनही पास्ता कच्चा राहिला, तर दर वेळी दोष पास्त्याचाच असतो असं नाही. ती मिनिटं भरपूर पाणी खळखळ उकळत आहे असं धरून दिलेली असतात, साधारण शंभर ग्रॅमला एक लिटर. कमी पाण्यात पास्ता टाकला की उकळी मोडते आणि परत यायला वेळ लागतो. समुद्रसपाटीपासून उंचावर पाणी शंभर अंशांच्या आधीच उकळतं, त्यामुळे तिथेही मिनिटं वाढतात.

## ड्युरम म्हणजे नेमका कुठला गहू?

आता पाकिटाकडे वळू. ड्युरम ही गव्हाची वेगळी जात आहे. पोळी-पावाच्या नेहमीच्या गव्हात गुणसूत्रांचे तीन संच असतात, एकूण ४२ गुणसूत्रं. ड्युरममध्ये दोनच संच, एकूण २८. नेहमीच्या गव्हातल्या तिसऱ्या संचाला ‘डी’ म्हणतात आणि दाणा मऊ करणाऱ्या प्रथिनांचे जनुक याच संचात असतात. ड्युरममध्ये तो संचच नाही, म्हणून त्याचा दाणा फार कठीण आणि काचेसारखा असतो. दळताना त्याचं बारीक पीठ सहज होत नाही, रवाळ कण पडतात. पास्ता बनवणाऱ्यांना नेमका तोच रवा हवा असतो.

त्याचा पिवळेपणा ल्युटिन या रंगद्रव्यामुळे येतो. त्याचं ग्लुटेन ताणून फुगण्यापेक्षा घट्ट बसणारं असतं, त्यामुळे शिजल्यावर तुकडा आकार धरून ठेवतो. नेहमीच्या गव्हाचा पास्ता होत नाही असं नाही. होतो, पण शिजण्याच्या योग्य क्षणापासून लगदा होईपर्यंतचा अवधी त्यात सहसा कमी मिळतो. गॅसपाशी उभ्या असलेल्या माणसाला हा फरक लगेच जाणवतो.

## पुढची बाजू नको, यादी वाचा

पाकिटाच्या पुढे ‘ड्युरम गव्हापासून’, ‘ड्युरम गव्हासह’ किंवा ‘ड्युरमचा गुण’ अशी वाक्यं असतात. त्यात किती ड्युरम आहे, हे त्यातलं एकही वाक्य सांगत नाही. पाकीट उलटा आणि घटकांची यादी काढा. ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायची असते, म्हणजे जे सर्वात जास्त ते पहिलं.

यादीत फक्त ‘ड्युरम गव्हाचा रवा’, किंवा त्यासोबत पाणी, एवढंच असेल तर दावा पक्का समजा. ‘गव्हाचा रवा’ किंवा नुसतं ‘सेमोलिना’ असेल तर थांबा. रवा हा शब्द दळणाचा प्रकार सांगतो, गव्हाची जात सांगत नाही. रवा कुठल्याही गव्हाचा निघतो. ‘ड्युरम गव्हाचं पीठ’ म्हणजे जात तीच, पण दळण बारीक. आणि ‘मैदा’ किंवा ‘गव्हाचं पीठ’ यादीत पहिलं आलं असेल, तर पुढच्या बाजूला काहीही छापलेलं असो, तो मुख्यतः नेहमीच्या गव्हाचा पास्ता आहे.

युरोपीय संघात २०११ च्या ११६९ क्रमांकाच्या नियमानुसार पाकिटावर एखाद्या घटकाचा शब्दांनी किंवा चित्रांनी गाजावाजा केला, तर तो किती टक्के आहे हे सहसा द्यावं लागतं. म्हणून यादीत ‘ड्युरम गव्हाचा रवा ४० टक्के’ असं दिसलं तर ते नीट वाचा. पुढे फक्त ड्युरमचं नाव होतं, उरलेले साठ टक्के इथे सापडतात.

## पण पास्ता इटलीचा असेल तर?

इटलीत कायदा कडक आहे, हे खरं. १९६७ च्या ५८० क्रमांकाच्या कायद्याने तिथे सुका पास्ता ड्युरमचाच असला पाहिजे असं ठरलं आणि २००१ च्या १८७ क्रमांकाच्या आदेशाने आजची मापं दिली. आर्द्रता साडेबारा टक्क्यांपेक्षा जास्त नको, प्रथिनं कोरड्या वजनावर किमान साडेदहा टक्के हवीत आणि नेहमीच्या गव्हाची भेसळ तीन टक्क्यांपर्यंतच चालेल. हे तीन टक्के ठेवण्यामागे व्यवहार आहे. शेतात, वाहतुकीत आणि गिरणीत दोन गव्हांचे दाणे थोडेफार मिसळतातच.

या कायद्यालाही मर्यादा आहेत. १९८८ मध्ये युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की दुसऱ्या सदस्य देशात कायदेशीरपणे बनलेला नेहमीच्या गव्हाचा पास्ता इटलीला आपल्या बाजारात अडवता येणार नाही. शिवाय परदेशी पाठवण्यासाठी वेगळ्या मापांचा पास्ता बनवायला २००१ चा आदेश अटींसह परवानगी देतो. अमेरिकेचे नियम तर मॅकरोनीत ड्युरमखेरीज दुसऱ्या गव्हाचा रवा आणि पीठही चालवून घेतात. पाकिटावर इटलीचा झेंडा असो वा नसो, शेवटी घटकांची यादीच वाचावी लागते. तो झेंडा गहू कुठे पिकला हेही सांगत नाही. कॅनडा हा ड्युरमचा फार मोठा निर्यातदार आहे आणि इटलीतले कारखानेही बाहेरचा ड्युरम वापरतात.

## प्रथिनांच्या आकड्यावरून आणि रंगावरून ओळखता येईल?

प्रथिनांचा आकडा उपयोगी आहे, पण त्याचा अर्थ जपून लावावा. प्रथिनं त्यांतल्या नत्राचं प्रमाण मोजून, त्याला ठरावीक आकड्याने गुणून काढतात. इटलीच्या आदेशातले साडेदहा टक्के नत्राला ५.७ ने गुणून आणि कोरड्या वजनावर काढलेले असतात. युरोपातल्या पोषणतक्त्यात नत्राला ६.२५ ने गुणतात आणि आकडा ओलाव्यासकटच्या शंभर ग्रॅमचा असतो. हिशेब केला तर कायद्यातलं ते किमान पोषणतक्त्यात साधारण दहा ग्रॅम दिसतं. तेव्हा दहा ग्रॅम दिसले म्हणजे भारी माल असं समजू नका, ते जेमतेम किमान आहे. तेरा-चौदा ग्रॅम असतील तर जाळं दाट असण्याची शक्यता जास्त. मात्र नेहमीच्या गव्हातही प्रथिनं तेवढी असू शकतात, त्यामुळे हा आकडा ड्युरमचा पुरावा होत नाही.

रंगावर तर त्याहून कमी भरवसा ठेवावा. पिवळ्या दिव्याखाली कुठलाही पास्ता सोनेरी दिसतो. अंड्याने आणि यादीत लिहिलेल्या रंगद्रव्याने पिवळेपणा येतो. जास्त तापमानात भराभर वाळवलेला पास्ता गडद, तांबूस दिसू शकतो. कांस्याच्या साच्यातून काढलेला पास्ता खरखरीत आणि फिकट दिसतो, टेफ्लॉनच्या साच्यातून काढलेला गुळगुळीत आणि जास्त पिवळा, जरी दोन्हींचा रवा एकच असला तरी. रंगाची तुलना करायचीच असेल तर दोन्ही पास्ते एकाच फोटोत, खिडकीच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर ठेवा. कागद फोटोत पांढरा दिसत नसेल तर त्या फोटोवरून रंगाबद्दल काही बोलू नये.

## दोन पाकिटं, एक पातेलं

समजा दोन पाकिटं आहेत, दोन्ही पेने रिगातेची, दोन्हींवर अकरा मिनिटं. पहिल्याच्या यादीत एकच घटक आहे, ड्युरम गव्हाचा रवा, आणि प्रथिनं तेरा ग्रॅम. दुसऱ्यावर पुढे ‘ड्युरम गव्हासह’ आणि मागे गव्हाचा रवा, ड्युरम गव्हाचा रवा ४० टक्के, रंगद्रव्य. प्रथिनं अकरा ग्रॅम. पुढून पाहिलं तर दोन्ही सारखीच पिवळी.

दोन्ही वेगवेगळ्या पातेल्यांत, सारख्या पाण्यात टाकली आणि साडेआठ मिनिटांपासून दर अर्ध्या मिनिटाला एकेक तुकडा काढला. पहिल्या पाकिटाच्या तुकड्यात साडेआठला भिंतीत पूर्ण पांढरं कडं आहे. साडेनऊला ते बारीक आणि जागोजागी तुटलेलं आहे, दहाला ठिपके उरलेत, साडेदहाला काहीच नाही. हा पास्ता सॉसमध्ये जाणार असेल तर साडेनऊला काढायचा, नुसताच खायचा असेल तर साडेदहाला. छापलेल्या अकरा मिनिटांपेक्षा अर्धं मिनिट आधी गाभा गेला, यात नवल नाही. आच, पाणी आणि पातेलं सगळीकडे वेगळं असतं.

दुसऱ्या पाकिटात पांढरं कडं साधारण त्याच सुमारास जाईल. फरक त्यानंतर दिसेल. साडेअकरा आणि साडेबाराच्या तुकड्यांचा शेजारी शेजारी फोटो काढला तर पहिल्याच्या रेघांच्या कडा अजून उठून दिसतील, नळी गोल असेल. दुसऱ्याच्या रेघा गोलसर होऊन बुजू लागलेल्या आणि पाणी जास्त दुधाळ झालेलं असण्याची शक्यता आहे. यादीत वाचलेल्या साठ टक्क्यांशी ते जुळतं.

पण ते जुळतं एवढंच म्हणता येतं. यादीत फक्त ड्युरम असलेला पास्ता असा वागला, तर त्यात भेसळ आहे असा आरोप फोटोच्या जोरावर करता येत नाही. कमी प्रथिनांचं ड्युरम, घाईत वाळवणं किंवा जुना माल, यांतल्या कशानेही तसं होऊ शकतं. भेसळ पकडण्यासाठी प्रयोगशाळेत डीएनए तपासतात आणि नेहमीच्या गव्हातला तो ‘डी’ संच शोधतात. शुद्ध ड्युरममध्ये तो असूच शकत नाही, त्यामुळे तो किती सापडला यावरून दुसरा गहू किती मिसळला याचा अंदाज येतो.

असा संशय आलाच तर पाकीट फेकू नका. घटकांची यादी, पोषणतक्ता, बॅच क्रमांक आणि तारीख यांचे सरळ समोरून, वाचता येतील असे फोटो काढून ठेवा आणि उरलेला कोरडा पास्ता त्याच पाकिटात बंद करून ठेवा. तक्रार पुढे गेली तर तपासणीसाठी कोरडा नमुनाच मागितला जातो, शिजलेल्या ताटलीच्या फोटोचा तिथे उपयोग होत नाही.